'तूर वाळायलीय' असं टाइप करणाऱ्याला तुमचा व्हिडिओ सापडायचा कसा?

जालना घ्या, परभणी घ्या, नाहीतर लातूर, कुठल्याही तालुक्यात बांधावर मोबाईल उभा करून शेतीवर बोलणारी पोरं आता भेटतातच आणि खरं सांगायचं तर माहितीही चांगली देतात. शेतात उभं राहून, झाड उपटून दाखवतात. पण अपलोड करायच्या वेळेला टायटलच्या रकान्यात जे काही लिहितात ना, ते वाचून कळतच नाही की हा व्हिडिओ तुरीचा आहे का म्हशीचा.

ओळखीतल्या एका पोराचं उदाहरण घेऊ, बदनापूरकडचा आहे. त्यानं तुरीच्या मर रोगावर अकरा मिनिटांचा व्हिडिओ केला, वाळलेल्या झाडाचं खोड चाकूनं मधोमध चिरून आतले काळपट पट्टे दाखवले, म्हणजे जे बघायला लोक शोधत असतात नेमकं तेच. आणि टायटल काय दिलं?

```
शेतकऱ्यांनो सावधान 😱 हा व्हिडिओ बघितल्याशिवाय झोपू नका | भाग 3
```

आता यात तूर कुठंय? मर कुठंय? डिस्क्रिप्शनमध्ये फक्त चॅनेल सबस्क्राइब करा आणि व्हॉट्सॲप ग्रुपची लिंक, चॅप्टर नाहीत. मग म्हणतो, 'भाऊ, यूट्यूब आपल्या मराठी व्हिडिओला पुढंच येऊ देत नाही.'

असं टायटल होम पेजवर कधीकधी चालून जातं, हे मान्य. तिथं यूट्यूब स्वतःहून तुमचा व्हिडिओ कुणाच्या तरी समोर ठेवतं, त्या माणसानं तुमचे आधीचे दोनचार व्हिडिओ बघितलेले असतात, चेहरा ओळखीचा असतो, मग 'सावधान' वाचून तो दाबतो. सर्चचं तसं नाही. सर्चमध्ये माणूस आधी स्वतः काहीतरी टाइप करतो आणि मग यूट्यूब बघतं की हे शब्द कुणाच्या टायटलमध्ये, डिस्क्रिप्शनमध्ये आणि प्रत्यक्ष व्हिडिओत बसतात. यूट्यूबनं स्वतःच सांगितलेलं आहे की सर्चमध्ये ते मुख्यतः तीन गोष्टी बघतात, एक म्हणजे व्हिडिओ विचारलेल्या गोष्टीशी किती जुळतो, दुसरं म्हणजे त्या शोधासाठी लोक तो व्हिडिओ किती वेळ बघतात, आणि तिसरं चॅनेलचा त्या विषयात किती भरवसा आहे. दुसरं आणि तिसरं हळूहळू जमतं, पहिलं मात्र आज संध्याकाळी तुमच्या हातात आहे.

आधी लोकांचे शब्द गोळा करा

टायटल लिहायच्या आधी हे काम करायचं आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ द्यायचा. ब्राउझरमध्ये इनकॉग्निटो विंडो उघडा, म्हणजे तुमची स्वतःची जुनी हिस्ट्री मधे येणार नाही, आणि यूट्यूबच्या सर्चमध्ये नुसतं 'तूर' लिहून थांबा. खाली ज्या सूचना येतात त्या लोकांच्या शोधण्यावरूनच येतात. मग 'तूर म' लिहा, 'तूर वा' लिहा, 'तूर फ' लिहा. प्रत्येक वेळी खाली काय येतंय ते वहीत उतरवून घ्या. मग हेच सगळं इंग्रजी अक्षरात करा, कारण आपल्याकडं मराठी बोलणारी पण कीबोर्ड इंग्रजी ठेवणारी माणसं भरपूर आहेत, ते असं टाइप करतात:

```
tur mar rog
toor mar rog upay
tur var favarni
```

तिसरे आहेत माईक दाबून बोलणारे. वयानं मोठे शेतकरी बऱ्याचदा हेच करतात. ते दोन शब्द बोलत नाहीत, पूर्ण वाक्य बोलतात, 'तुरीला मर लागली काय करावं'. आणि बोलताना 'फ्युजॅरियम' असं बुरशीचं नाव कुणी घेत नाही. 'तूर वाळायली', 'तूर उधळली', 'झाड उभं वाळलं' असंच म्हणतात. पुस्तकातला शब्द आणि गावातला शब्द दोन्ही पाहिजेत. त्यामुळं 'मर रोग' टायटलमध्ये, 'वाळतेय' टायटलमध्ये, 'उधळली' आणि बुरशीचं नाव डिस्क्रिप्शनमध्ये अशी वाटणी करून टाकायची.

ज्याचं चॅनेल थोडं जुनं आहे त्याच्याकडं तर याहून भारी खाण आहे आणि ती कुणी उघडूनच बघत नाही. यूट्यूब स्टुडिओत ॲनालिटिक्समध्ये जा, ट्रॅफिक सोर्समध्ये `YouTube search` वर दाबा, लोकांनी काय टाइप करून तुमचा व्हिडिओ उघडला ते शब्द तिथं जसेच्या तसे दिसतात. त्या पोराचे शब्द उघडून बघितले तर वर त्याच्या चॅनेलचं नावच होतं. म्हणजे जो त्याला आधीपासून ओळखतो तोच शोधून येत होता, तुरीचं दुखणं घेऊन आलेला नवा माणूस कुणी नव्हताच.

मराठीत शब्दाचं रूप बदलतं, तिथंच घोळ होतो

ही गोष्ट इंग्रजी व्हिडिओवाल्यांच्या सल्ल्यात तुम्हाला सापडणार नाही, कारण त्यांना ही अडचण एवढी येतच नाही. मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की मूळ शब्दच वाकतो. 'तूर' ची 'तुरीवर' होते, दीर्घ ऊ चा ऱ्हस्व उ होतो. 'कापूस' चं 'कापसावर' होतं, त्यात तर 'कापूस' ही अक्षरं सलग उरतच नाहीत. 'पाऊस' चं 'पावसात'. आता माणूस टाइप करताना बहुतेक वेळा मूळ रूपच टाकतो, 'तूर मर रोग', 'कापूस बोंडअळी', आणि आपण टायटल लिहितो 'तुरीवरील रोगाचे व्यवस्थापन'. मशीनला दोन्ही एकच आहेत हे कधी कळतं, कधी नाही, त्याच्या भरवशावर कशाला बसायचं? सरळ मूळ शब्द एकदा तसाच, सुट्टा टायटलमध्ये आणा. बाकी रूपं डिस्क्रिप्शनमध्ये वाक्यात आपोआप येतातच.

शुद्धलेखनाचंही तसंच. नियमानं 'पीक विमा' बरोबर आहे पण टाइप करणारे कितीतरी लोक 'पिक विमा' लिहितात. टायटल शुद्ध ठेवा, माझं तरी हेच मत आहे, कारण टायटल चारचौघात दिसतं. पण जे चुकीचं रूप सर्रास चालतं ते टॅगच्या रकान्यात टाका. टॅगला लोक उगीच डोक्यावर घेतात, यूट्यूबच म्हणतं की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा फार थोडा आहे आणि तो मुख्यतः लोक ज्याचं स्पेलिंग नेहमी चुकवतात अशा शब्दांपुरता. तेव्हा `toor`, `tur`, `pik vima` असली रूपं तिथं टाकायची आणि पुढं जायचं, दहा मिनिटं घालवायची नाहीत.

आता टायटल

टायटलला मर्यादा १०० अक्षरांची आहे. पण मराठीत ही १०० अक्षरं वाटतात तेवढी नसतात, कारण मोजताना काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलंत, सगळं वेगवेगळं धरलं जातं. 'शेतकऱ्यांनो' हा शब्द आपल्या डोळ्याला पाच अक्षरांचा दिसतो, मोजणीत तो अकरा होतो. म्हणजे नुसत्या हाक मारण्यात टायटलचा नववा भाग गेला. शिवाय मोबाईलवर सर्चच्या यादीत टायटलच्या साधारण दोनच ओळी दिसतात, पुढं तीन टिंबं. म्हणून कामाचे शब्द सुरुवातीला, बाकीचं नंतर. चॅनेलचं नाव तर टायटलमध्ये नकोच, ते खाली दिसतंच आहे.

त्या पोराला टायटल बदलून असं करायला सांगितलं:

```
तूर वाळतेय? मर रोग ओळखा खोड चिरून | Tur Mar Rog
```

पन्नास अक्षरांच्या आत बसलं. पहिला शब्द पीक, दुसरा शब्द शेतकऱ्याला दिसणारं लक्षण, मग रोगाचं नाव, मग या व्हिडिओत असं काय आहे जे बाकीच्यांत नाही, तर खोड चिरून दाखवलंय. शेवटी इंग्रजी अक्षरातलं एकच रूप. सगळं टायटल दोन लिपीत दोनदा लिहायचा एक प्रकार चाललाय सध्या, तो करू नका, वाचणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. 'भाग ३' पण काढला, कारण सर्चमधून येणाऱ्याला वाटतं आधी भाग एक-दोन बघावे लागतील, आणि तो शेजारच्याचा व्हिडिओ उघडतो.

वर्ष टाकायचं का? पीक विमा, अनुदान, बाजारभाव असल्या विषयात टाका, तिथं माणूस ताजंच शोधत असतो. मर रोग मात्र दरवर्षी तोच आहे, तिथं वर्ष टाकलं की पुढच्या हंगामात तुमचा चांगला व्हिडिओ उगीच शिळा दिसणार.

आणि जे व्हिडिओत नाही ते टायटलमध्ये लिहू नका. 'एका फवारणीत मर गायब' लिहिलं की लोक उघडतील, पण मर ही जमिनीतून मुळावाटे येणारी बुरशी, झाड वाळून गेल्यावर वरून फवारून ते परत उभं राहत नसतं, हे व्हिडिओत तुम्हीच सांगणार. मग माणूस अर्ध्या मिनिटात निघून जातो आणि यूट्यूबला कळतं की हा शोध करणाऱ्याच्या कामाचा व्हिडिओ हा नव्हे. दिशाभूल करणारी टायटलं तर यूट्यूबच्या नियमातही बसत नाहीत.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. काहीजण टायटल आणि डिस्क्रिप्शन डीटीपीच्या दुकानातून टाइप करून आणतात, तिथं अजून जुन्या फॉन्टमध्ये काम चालतं. कृतिदेव किंवा श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर कॉपी करून यूट्यूबमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिड काला दिसतो. थंबनेलसाठी ते फॉन्ट बिनधास्त वापरा, ते चित्रच आहे, पण रकान्यात लिहायचं ते युनिकोडमध्येच, म्हणजे फोनच्या मराठी कीबोर्डवर जे टाइप होतं ते. आणि थंबनेलवर मोठ्या अक्षरात 'तूर मर रोग' लिहिलं म्हणून टायटलमध्ये नाही लिहिलं तरी चालेल, असं समजू नका.

डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळी

डिस्क्रिप्शन ५००० अक्षरांपर्यंत लिहिता येतं पण 'more' दाबायच्या आधी दिसतात त्या वरच्या दोनतीन ओळीच, आणि सर्चच्या यादीत टायटलखाली एखादा तुकडा दिसला तर तोही बऱ्याचदा तिथलाच. तिथं लोक काय ठेवतात? सबस्क्राइबची लिंक. ती खाली न्या. वर हे असं, बोलल्यासारखी वाक्यं:

```
तूर उभी वाळत असेल तर आधी तो मर रोग आहे का ते ओळखा. खोड चिरल्यावर आत काळपट पट्टे कसे दिसतात ते शेतातच दाखवलंय.
पाणी साचून वाळलेली तूर आणि मर लागलेली तूर यातला फरक, ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया आणि प्रतिकारक वाण, सगळं या व्हिडिओत. शेत बदनापूर, जि. जालना.
```

यात 'तूर' मूळ रूपात आली, लक्षण आलं, रोग आला, जिल्हा आला. जिल्हा टाकाच, आपल्या भागातली जमीन, आपल्या भागातला पाऊस बघून माणूस जास्त भरवसा ठेवतो आणि काहीजण शोधतानाही 'जालना' लावूनच शोधतात. 'उधळली' हा शब्द आणि बुरशीचं नाव याच्या खालच्या परिच्छेदात गेले. मात्र खाली 'तूर, तूर लागवड, कापूस, सोयाबीन, कांदा भाव' अशी शब्दांची रांग लावायची नाही, डिस्क्रिप्शनमध्ये टॅगचा ढीग घालणं यूट्यूबच्या नियमाविरुद्ध आहे. हॅशटॅग दोनतीन पुरे, साठच्या वर गेले तर यूट्यूब सगळेच सोडून देतं.

जे दुसऱ्या एखाद्या ॲपमधून किंवा सॉफ्टवेअरमधून अपलोड करतात त्यांच्यासाठी एक गोष्ट, तिथं मर्यादा ५००० अक्षरांची नाही, ५००० बाइटची असते आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे साधारण १६६० चिन्हांत खेळ खलास. लांब डिस्क्रिप्शन सेव्हच होत नसेल तर आधी हे बघा. आणि 'पेक्षा कमी', 'पेक्षा जास्त' ची कोनाची चिन्हं टायटल-डिस्क्रिप्शनमध्ये चालत नाहीत, औषधाचं प्रमाण लिहिताना ती येतात, तिथं शब्दच लिहा.

चॅप्टर

अकरा मिनिटांचा व्हिडिओ शेतकरी पूर्ण बघेलच असं नाही. त्याला खोड चिरलेलं बघायचंय नाहीतर वाण कोणतं घ्यायचं ते ऐकायचंय. चॅप्टर दिले की तो थेट तिथं जातो. आणि गूगलवर शोधलं की कधीकधी व्हिडिओच्या खाली हे चॅप्टर 'महत्त्वाचे क्षण' म्हणून वेगळे दिसतात, म्हणजे एकाच व्हिडिओला पाचसहा दारं झाली. 'पण मग लोक पुढं पळतात, वॉचटाइम कमी होतो,' असं त्या पोरानं विचारलं. पळू दे की. ज्याला हवं ते सापडत नाही तो पूर्ण बघत नसतो, बंद करून जातो.

चॅप्टर डिस्क्रिप्शनमध्येच लिहायचे, प्रत्येक नव्या ओळीवर:

```
0:00 तूर वाळतेय, शेतातली लक्षणं
1:05 मर रोग कसा ओळखायचा, खोड चिरून
3:20 पाणी साचून वाळलेली तूर कशी दिसते
5:10 आता फवारणी करून उपयोग आहे का
7:00 ट्रायकोडर्मा बीजप्रक्रिया
9:15 तूर प्रतिकारक वाण, बीडीएन ७११ आणि बीएसएमआर ७३६
```

नियम थोडेच आहेत पण एक जरी मोडला तरी चॅप्टर उठत नाहीत. पहिली वेळ 0:00 च पाहिजे, यादीत किमान तीन वेगवेगळ्या वेळा पाहिजेत, क्रम चढता पाहिजे, आणि कुठलाही चॅप्टर दहा सेकंदांपेक्षा लहान नको. आपल्या पोरांचं कुठं अडतं तर दोन ठिकाणी. एक, इंट्रोची म्युझिक संपल्यावर 0:12 पासून लिहायला सुरू करतात. आणि दुसरं, मराठी कीबोर्डवरून '०:००' असे देवनागरी आकडे नाहीतर '0.00' असं टिंब देऊन लिहितात. वेळ इंग्रजी आकड्यांत आणि मधे कोलन, एवढं पाळा, नावात मात्र '७११' खुशाल देवनागरीत लिहा.

झालं की नाही ते कसं ओळखायचं? सेव्ह करून व्हिडिओ उघडा, खालची लाल पट्टी तुकड्या-तुकड्यांत तुटलेली दिसली आणि वेळेशेजारी चॅप्टरचं नाव आलं म्हणजे झालं. पट्टी सलग असेल तर वरचं काहीतरी चुकलंय. सगळं बरोबर असून येत नसेल तर चॅनेलवर स्ट्राइक आहे का बघा, चालू स्ट्राइक असेल तर चॅप्टर मिळत नाहीत. यूट्यूब स्वतःहूनही कधी चॅप्टर पाडतं, पण तुम्ही लिहिले की तुमचेच धरले जातात.

चॅप्टरचं नाव म्हणजे छोटं टायटलच समजा. 'सुरुवात', 'मुख्य माहिती', 'शेवट' अशी नावं देणार असाल तर तो खटाटोपच नको. वरच्या यादीत 'आता फवारणी करून उपयोग आहे का' हा चॅप्टर बघा, तो मुद्दाम प्रश्न म्हणूनच लिहिलाय, कारण फोनवर शेतकरी पहिलं हेच विचारतो.

भाषेचं बटण

अपलोडच्या पानावर खाली `Show more` दाबलं की `Video language` दिसतं, तिथं मराठी निवडा, टायटल-डिस्क्रिप्शनची भाषाही मराठीच ठेवा. हिंदी आणि मराठीची लिपी एकच, 'रोग' दोन्हीकडं 'रोग'च, त्यामुळं हे सांगून टाकलेलं बरं. नांदेडच्या पुढं तेलंगणात किंवा हिंदी पट्ट्यातही बघणारे असतील तर स्टुडिओत त्या भाषेतलं टायटल आणि डिस्क्रिप्शन वेगळं भरता येतं. हिंदीत मग 'अरहर' लिहायचं, मराठी टायटलमध्ये ते घुसवायचं नाही.

आणि बदलल्यावर रोज उठून आकडे बघत बसू नका. दोनतीन आठवडे जाऊ द्या, मग ट्रॅफिक सोर्समधल्या `YouTube search` च्या शब्दांत चॅनेलच्या नावाच्या जागी 'तूर मर रोग', 'tur mar rog' असलं काही यायला लागलंय का ते बघा. इम्प्रेशन, म्हणजे व्हिडिओ लोकांसमोर किती वेळा आला ते, वाढलेत पण क्लिक नाहीत, तर शब्द बरोबर आहेत पण टायटल किंवा थंबनेल ओढत नाही. निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा क्लिकचा दर २ ते १० टक्क्यांमध्ये असतो असं यूट्यूब सांगतं, त्यामुळं चार टक्के बघून हबकायचं कारण नाही. इम्प्रेशनच येत नसतील तर परत वही उघडा आणि शब्द तपासा. फक्त हंगामाकडं लक्ष ठेवा, तूर शेतात वाळते ती पावसाळ्याच्या मध्यापासून शेंगा भरेपर्यंत, एप्रिलमध्ये टायटल बदलून मे महिन्यात कुणी शोधेना म्हणून रडायचं नाही. उलट एप्रिल-मे मध्ये जुन्या व्हिडिओंची टायटलं आणि चॅप्टर नीट करून ठेवा, आणि पेरणीच्या तोंडावर बीजप्रक्रियेचा 7:00 वाला तुकडा वेगळा कापून त्याचा छोटा व्हिडिओ टाका, त्याचं टायटल 'तूर बीजप्रक्रिया' पासून सुरू होऊ द्या.